दार उघडेच असते: जाहिरातींतून सांगायच्या एका गोष्टीच्या कामाच्या नोंदी

३ जून

आजपासून नोंद ठेवते आहे, कारण गेल्या महिन्यात काय ठरवले आणि ते का मोडले, हेच आता आठवत नाही. काम असे: एक गोष्ट, जिच्यात छोट्या जाहिरातींखेरीज एकही ओळ नाही. विकणे आहे, भाड्याने देणे आहे, पाहिजे, हरवले आहे. निवेदक नाही, संवाद नाही, जाहिरातीवर तारीखही नाही. तरी एका गल्लीची पंचवीस-तीस वर्षे वाचकाला दिसली पाहिजेत. गाव कोणते ते सांगायचे नाही. आतापर्यंत १४ जाहिराती लिहून झाल्यात आणि सगळ्या टाकाऊ आहेत.

का टाकाऊ, ते पहिलीवरूनच कळते:

"विकणे आहे: तीन पिढ्या ज्यात नांदल्या ते घर. आता गल्लीत ओळखीचे कोणी उरले नाही, म्हणून जड मनाने."

असे कोणी छापत नाही. जाहिरात देणारा शब्दाला पैसे मोजतो. त्याला गोष्ट सांगायची नसते, घर विकायचे असते. 'जड मनाने' असे वाचले की घेणारा हमखास भाव पाडणार. म्हणजे ही जाहिरात घरमालकाची नाहीच, माझी आहे. मी त्याच्या खिशातून माझे रडू छापून घेते आहे.

कागद फाडला नाही. डब्यात ठेवला.

६ जून

सहा इंग्रजी शब्दांची ती प्रसिद्ध गोष्ट पुन्हा वाचली: लहान बाळाचे बूट विकणे आहेत, कधीच न वापरलेले. हेमिंग्वेच्या नावावर ती सांगितली जाते, पण त्याने लिहिल्याचा पुरावा नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या अमेरिकी वृत्तपत्रांत न वापरलेल्या बाबागाडीची जाहिरात सापडते. म्हणजे ही गोष्ट लेखकाने रचण्याआधी कोणीतरी खरोखर पैसे देऊन छापली होती.

ती का चालते यावर सकाळ घालवली. 'न वापरलेले' हा शब्द विकणाऱ्याच्या फायद्याचा आहे: वस्तू नवी आहे, किंमत चांगली द्या. त्याच शब्दातून वाचकाला बाळाचे कळते. एकच शब्द दोघांची दोन वेगळी कामे करतो, आणि विकणाऱ्याला दुसऱ्या कामाची खबर नसते. भिंतीवर एवढेच लिहून लावले: गिऱ्हाइकाच्या उपयोगाचा नसलेला शब्द खोडायचा. १४ जाहिरातींना ही चाळणी लावली. दोन उरल्या.

मात्र बुटांची गोष्ट मला पुरी पडत नाही. तिथे एक घटना घडून गेलेली आहे. गल्ली बदलते तेव्हा घटना अशी नसतेच, आणि एका जाहिरातीत बदल दिसू शकत नाही. पहिलीचा अर्थ दुसरी वाचल्यावर पालटला पाहिजे. म्हणजे मला जोड्या लागणार.

१० जून

जोड्या कशाच्या? आधी दुकानांच्या करून पाहिल्या: लोहाराची भट्टी जाते, तिथे दिव्यांचे झगमगीत दुकान येते. हे कोणालाही सुचते, आणि वाचकाला तिसऱ्या ओळीतच पुढचे सगळे कळते.

म्हणून मुळाशी गेले. रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ मध्ये लंडनबद्दल लिहिताना 'जेंट्रिफिकेशन' हा शब्द घडवला. कामकरी वस्तीतली साधी घरे मध्यमवर्ग घेऊ लागतो, ती महाग होतात आणि मूळ राहणारे बाहेर ढकलले जातात, असे त्यांचे निरीक्षण. त्यात एक तपशील माझ्या कामाचा निघाला. आधी खोल्या-खोल्यांनी भाड्याने जाणारी, अनेक बिऱ्हाडे असलेली मोठी घरे पुन्हा वरच्या दर्जाची झाली. म्हणजे, मी असे धरून चालले, वस्तीचे दिवस पालटले तरी त्या घरातली माणसे कमी झाली.

हे जाहिरातीत कुठे दिसेल? भाड्याने काय दिले जाते, त्यात. एकाच घराच्या या ओळी लिहिल्या:

"एका गृहस्थासाठी खाट. खोलीत आणखी तिघे. दिवसपाळीचा असावा."

"खोली भाड्याने, दोघांस पुरेल. पाणी खालून आणावे लागेल."

"वरचा मजला भाड्याने. लहान कुटुंब."

"संपूर्ण घर भाड्याने. नुकतीच सर्व दुरुस्ती. दोघांसाठी उत्तम."

"संपूर्ण घर, रात्रीपुरते किंवा आठवड्यासाठी. चादरी-टॉवेल मिळतील."

खाट, खोली, मजला, घर. द्यायची जागा वाढत जाते आणि शेवटच्या ओळीत राहण्याचा काळ एकदम आक्रसतो. 'दिवसपाळीचा असावा' यावर मी खूश आहे. त्याच खाटेवर दिवसा दुसरा कोणीतरी झोपतो हे मालक सांगत नाही, त्याला फक्त पाळी जुळवायची आहे.

१५ जून

जाहिरातीच्या खिडकीवर बरीच वर्षे काम केलेल्या, आता घरीच असलेल्या काकूंकडे पाचही ओळी घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून वाचल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "अगं, पण गाठायचं कुठे यांना? संपर्क कुठाय?"

मी म्हटले, तो भाग गाळलाय, त्यात काही रस नाही.

"तोच तर आम्ही सगळ्यात आधी बघायचो. मजकूर चुकला तर हसण्यावारी जायचं. पत्ता चुकला की माणूस दुसऱ्या दिवशी खिडकीत भांडायला उभा."

घरी येताना डोक्यात उजेड पडला. गल्ली म्हणजे घरे नव्हेत, एखाद्याला त्या गल्लीत कसे गाठता येते ते म्हणजे गल्ली. आणि ही गोष्ट प्रत्येक जाहिरातीच्या शेवटी छापलेलीच असते; मी ती केर म्हणून झाडून टाकत होते. रात्री बसून फक्त संपर्काच्या ओळी लिहिल्या, वर मजकूर नाही:

"गल्लीत शिरून कोणालाही विचारावे."

"वरचा मजला. दार उघडेच असते."

"कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे निरोप ठेवावा."

"फोन शेजारी आहे, हाक मारून बोलावतील."

"फोन सायंकाळी ७ नंतर."

"फोन करू नये, संदेश पाठवावा."

"फाटकावर घर क्रमांक सांगावा, नोंद करून आत सोडतील."

या सात ओळींत गोष्ट जवळजवळ झाली आहे. बाकी सगळे यांच्या वर बसवायचे.

१६ जून

सावध: सात ओळी जिन्यासारख्या एकाखाली एक लावल्या तर युक्ती उघडी पडते. खऱ्या काळात जुन्या पद्धती रेंगाळतात. फोन आल्यावरही कोणीतरी 'दार उघडेच असते' लिहिणारच. ती व्यक्ती कोण, हे ठरवले. वरच्या मजल्यावर शिवणकाम करणारी बाई. तिची ओळ शेवटपर्यंत बदलत नाही, ती गल्लीत असेतो.

१९ जून

घड्याळजीचे प्रकरण. त्याच्या दुकानात चार-पाच जणांचे निरोप ठेवले जातात हे आधीच्या जाहिरातींतून कळते. मग त्याची एकच जाहिरात:

"दुरुस्तीस दिलेली घड्याळे महिनाअखेरपर्यंत न्यावीत. नंतर जबाबदारी राहणार नाही."

पहिल्या खर्ड्यात यापुढे 'दुकान बंद होत आहे' असेही होते. खोडले. ज्याचे घड्याळ तिथे आहे त्याला एवढे पुरे.

खरा परिणाम पुढच्या जाहिरातीत येतो, आणि तो घड्याळजीबद्दल नाहीच:

"शिवणकाम. घड्याळजीकडे निरोप ठेवणाऱ्यांनी आता थेट वरच्या मजल्यावर यावे. दार उघडेच असते."

दुकान गेले म्हणून हळहळ नाही, फक्त गिऱ्हाईक चुकू नये ही काळजी. पण एक दुकान बंद झाल्याने चार घरांचा पत्ता हरवला, हे वाचकाला दिसते. अशा वेळी लेखकाने हात बांधून बसावे.

२४ जून

घरे गोळा करणारा माणूस. तो कोण हे कधीच सांगायचे नाही, पण या जाहिराती एकाच हातच्या आहेत हे कळले पाहिजे. मी सगळ्यांना एकच बॉक्स नंबर दिला होता. स्वतःचा पत्ता द्यायचा नसेल तर लोक वर्तमानपत्राचा बॉक्स नंबर घेत आणि उत्तरे कचेरीत जमा होत, त्यामुळे लपायला ही सोय उत्तम. काकूंनी तेही मोडून काढले. त्यांच्या कचेरीत नंबर जाहिरातीपुरता असे आणि काही आठवड्यांनी दुसऱ्याला जाई. एकाच माणसाकडे तो वर्षानुवर्षे राहणे शक्य नव्हते.

मग खूण शुद्धलेखनात ठेवली. हा माणूस 'त्वरित' हा शब्द 'त्वरीत' असा लिहितो:

"पाहिजेत: जुनी घरे, कोणत्याही अवस्थेत. त्वरीत व रोख. बॉक्स नं. २१२."

"पाहिजे: जुने घर, भाडेकरूंसह चालेल. त्वरीत व रोख. बॉक्स नं. ८७."

"पाहिजे: जुने घर. मोकळे असल्यास जास्त किंमत. त्वरीत व रोख. बॉक्स नं. ३४०."

दुसरीपासून तिसरीपर्यंत काय घडले ते सगळे 'मोकळे' या शब्दात आहे. 'भाडेकरूंसह चालेल' म्हणणारा आता रिकाम्या घराचे जास्त द्यायला तयार आहे. घर रिकामे करायचे काम त्याने मालकावर सोडले. म्हणून तिसरीनंतर लागोपाठ या तीन:

"खोली पाहिजे, याच गल्लीत. लगेच."

"खोली पाहिजे, याच भागात. मुलांना शाळेत चालत जाता यावे."

"खोली पाहिजे. शाळेपर्यंत बस असली तरी चालेल."

'याच गल्लीत', 'याच भागात', 'बस असली तरी'. तिन्ही एकाच कुटुंबाच्या की तीन कुटुंबांच्या, ते मी ठरवलेले नाही. दोन्ही वाचने चालतात, आणि दुसरे मला जास्त छळते.

२७ जून

फजिती. मुद्रिते तपासून देणाऱ्या मित्राकडे मजकूर दिला होता. त्याने प्रेमाने तिन्ही 'त्वरीत' ऱ्हस्व करून पाठवले, शेजारी बारीक अक्षरात: "तीनदा तीच चूक! बरी आहेस ना?"

हसून झाल्यावर जाणवले की खूणच कच्ची आहे. ही चूक इतके लोक करतात की ती कोणाची म्हणून ओळखूच येणार नाही. म्हणून दोन उपाय केले. बाकी सगळ्या जाहिरातींत जिथे हा शब्द येतो तिथे तो शुद्ध ठेवला. आणि भर 'त्वरीत व रोख' या जोडीवर दिला. ती दुसरे कोणी वापरत नाही. चूक ज्याला दिसेल त्याला दिसो, जोडी तरी कानात बसावी. मित्राला निरोप पाठवला की चूक परत आण.

३० जून

एक अडचण अजून बाकी होती. जाहिरातींचा खरा रकाना विषयवार लावलेला असतो, काळाप्रमाणे एका गल्लीचा नसतो. त्यात माझ्या गल्लीशी संबंध नसलेल्या जाहिराती खच्चून भरलेल्या असणार. मी एकही ठेवली नव्हती, म्हणून वाचताना सगळे फार शहाणे वाटत होते. प्रत्येक जाहिरात काहीतरी उघड करायला टपलेली.

वाचकाला शोधायला लावायचे तर थोडा भुसा हवा. वाचक आपण होऊन जाहिराती वाचतो का, ही भीती मात्र उगाच आहे. लंडनच्या 'द टाइम्स'चे पहिले पान कितीतरी वर्षे छोट्या जाहिरातींनी भरलेले असे. पहिल्या पानावर बातम्या आणल्या त्या ३ मे १९६६ ला. लोक वर्तमानपत्र उघडत ते जाहिरातींवरच.

साधारण चारांत एक असा भुसा ठेवला: सायकल, भाषांतराची शिकवणी, हरवलेली छत्री. त्यातही पाजी मोह होतोच. छत्रीला 'आजोबांची आठवण' जोडले आणि लगेच खोडले.

४ जुलै

आज चाचणी. २६ जाहिराती वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहिल्या, पिसल्या आणि मैत्रिणीला दिल्या. तिने गोष्ट वाचलेली नव्हती. सांगितले एवढेच की ही एका गल्लीची आहे, क्रम लाव.

हा कस मला भरवशाचा वाटतो. काळाचा बदल जाहिरातीत उतरला असेल तर पिसूनही क्रम लागेल. लागला नाही, तर बदल फक्त माझ्या मांडणीत होता, मजकुरात नव्हता.

तिने अर्ध्या तासात क्रम लावला. पाच चिठ्ठ्या चुकल्या. त्यांतल्या तीन माझ्याच ढिलाईच्या: संपर्काची ओळ कंटाळून सगळीकडे 'फोन सायंकाळी' लिहिली होती. त्या दुरुस्त केल्या. चौथी छत्री. पाचवी मात्र बोलकी निघाली. शिवणकामवाल्या बाईची शेवटची जाहिरात तिने सुरुवातीला ठेवली होती:

"शिवणयंत्र विकणे आहे, चालू स्थितीत. वरचा मजला. दार उघडेच असते."

"अशी बाई शेवटी कशी असेल?" ती म्हणाली. "तोवर सगळ्यांनी दारं लावलेली."

ही चूक मी दुरुस्त करणार नाही. पण वाचकाला ती बाई अजून तिथेच आहे हे कळायला हवे, म्हणून दोन शब्द घातले: 'वरचा मजला, डावीकडचा जिना.' उजवीकडच्या घराची दुरुस्ती चालू असल्याची जाहिरात आधी येऊन गेली आहे, तिच्याशी हा धागा जुळतो. तिच्या ग्राहकालाही ते शब्द उपयोगाचे आहेत, म्हणजे चाळणीतून जातात.

९ जुलै

शेवटचा तिसरा भाग छापील राहत नाही, पडद्यावर जातो. सॅन फ्रान्सिस्कोत क्रेग न्यूमार्क याने १९९५ मध्ये ओळखीच्या लोकांना ईमेलने पाठवायची यादी सुरू केली, तिचे पुढे जाहिरातींचे 'क्रेगलिस्ट' झाले. बहुतेक जाहिराती फुकट. पैसे गेले तशी शब्दांची कंजुषीही गेली. म्हणजे माझी चाळणी इथे लागू पडत नाही! चार दिवस यावर अडून होते: पडद्यावरची जाहिरात लांब, गप्पिष्ट आणि मायेने ओथंबलेली असते, आणि ती तशीच लिहायला हवी.

आज डबा उघडला. पहिल्या दिवशीचा तो कागद काढला. 'जड मनाने' आता खरे वाटते, कारण शब्द फुकट आहेत. फक्त तो म्हणणारा कोण, एवढा बदल केला. तीन पिढ्यांचा मालक नाही, तीन वर्षे राहिलेले जोडपे:

"आमचे लाडके घर सोडताना मन जड झाले आहे! या गल्लीने आम्हाला खूप काही दिले. इथला जुनेपणा, जिन्यावर येणारे संध्याकाळचे ऊन, अगदी आपलेसे वाटणारे वातावरण. योग्य माणसांच्याच हाती द्यायचे आहे. सगळी दुरुस्ती आम्ही स्वतः उभे राहून करून घेतली. फोन करू नये, संदेश पाठवावा."

यांची चेष्टा करायची नाही, हे स्वतःला तीनदा बजावले. त्यांना घर खरेच आवडले आहे. पण आधीची माणसे गेली ती आठ-दहा शब्दांत, कारण तेवढेच परवडत होते. ही फारकत मी कुठे लिहिणार नाही. पानावर दोन्ही जाहिरातींची उंचीच वेगळी दिसते.

१३ जुलै

शेवट. पहिल्या आराखड्यात शिवणयंत्राचे लोखंडी पाय शोभेच्या टेबलाला लावून विकायला निघतात असे होते. चांगले दिसते, पण वस्तू फिरून परत आली की वाचक टाळी देतो आणि मोकळा होतो. शिवाय त्यात त्या बाईचे काहीच नाही.

काकूंशी बोलता बोलता उलटे सुचले. यंत्र नाही, काम परत येऊ दे. त्या घरांत आता पडदे आहेत, लांब खिडक्या आहेत, आणि ते आखूड करून देणारे जवळ कोणी राहत नाही. पाठोपाठ तीन जाहिराती:

"पडदे व कपडे लहान-मोठे करून देणारी व्यक्ती पाहिजे. जवळपास राहणारी असावी."

"पडदे व कपड्यांच्या कामासाठी व्यक्ती पाहिजे. आठवड्यातून दोनदा यावे लागेल."

"पडदे व कपड्यांच्या कामासाठी व्यक्ती अजूनही पाहिजे. लांबून येणाऱ्यास जाण्यायेण्याचा खर्च देऊ. फाटकावर घर क्रमांक सांगावा, नोंद करून आत सोडतील."

'जवळपास', 'आठवड्यातून दोनदा', 'जाण्यायेण्याचा खर्च'. खोली शोधणाऱ्यांच्या तीन जाहिरातींच्या उतरंडीसारखीच ही उतरंड आहे. तेव्हा भाडेकरू मागे हटत होते, आता बोलावणारे हटत आहेत. जाहिरातीखालचा घर क्रमांक त्या बाईच्या जुन्या घराचाच ठेवला का? हो. वरचा मजला, डावीकडचा जिना, एवढे त्या क्रमांकावरून कळणार नाही. उजवीकडच्या दुरुस्तीच्या जाहिरातीत क्रमांक छापलेला आहे, त्यावरून शोधणाऱ्याला एका अंकाची मोजणी करावी लागेल.

काकूंनी वाचून पाहिले. "येईल का गं ती?" त्यांनी विचारले.

मी म्हटले, उत्तराची जाहिरात नसते.

"नसते," त्या म्हणाल्या. "पण तिसऱ्यांदा छापायला आले की आम्हाला कळायचं, अजून कोणी आलेलं नाही."

१४ जुलै

तिसऱ्या जाहिरातीतला 'अजूनही' काढला. तिसऱ्यांदा छापली आहे, तेवढे पुरे.